अंगठीच्या आत 'सखा सप्तपदी भव': आठ महिन्यांनंतर

लग्नाच्या अंगठीत आतून काहीतरी कोरायचं ठरलं तेव्हा आम्ही संस्कृतच घेतलं. आश्वलायन गृह्यसूत्रातलं सातव्या पावलाचं वाक्य, 'सखा सप्तपदी भव'. 'सप्तपदी' इथे स्त्रीलिंगी, वर वधूला म्हणतो, म्हणून ते बायकोच्या अंगठीत. माझ्या अंगठीत नुसतं 'सखा'.

जागेचा हिशोब आधी करा. आतला व्यास 16.5 मिमी, म्हणजे घेर साधारण 52. त्यात हॉलमार्क: बीआयएसचं चिन्ह, 22K916 आणि सहा अक्षरांचा एचयूआयडी. आमच्या अंगठीत यातच नऊ-दहा मिमी गेले. पुढे माप वाढवायचं झालं तर अंगठी कापून टाका मारतात, तिथलं अक्षर जातंच, म्हणून आणखी दहा कोरे सोडले. उरले बत्तीसेक. या वाक्यात खाली उकार नाही, ऋकार नाही, म्हणून 3 मिमीच्या पट्टीत अक्षर मोठं बसलं. 'हृदय' घेतलं असतं तर सगळी अक्षरं लहान करावी लागली असती.

आता मुख्य दुखणं: ख. दुकानाच्या लेझरवाल्याने मशीनमधलाच फॉण्ट लावला. त्यात ख चे दोन भाग खालून जोडलेले नाहीत, त्यामुळे एवढ्या लहान आकारात 'सखा'चं 'सरवा' झालं. शिवाय 'प्त' फुटून हलन्त प आणि सुटा त. मी हरकत घेतली तर म्हणे, "आत कोण बघतंय?" दुरुस्तीला पुन्हा पूर्ण मजुरी मागितली! मी एक पैसा दिला नाही. शेजारच्या डीटीपीवाल्याकडे जोडलेला ख असलेल्या फॉण्टमध्ये मजकूर बसवला, कोरलड्रॉमध्ये कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा करून, फाइल दिली. आतला भाग घासून त्यांनी तीच फाइल चालवली, तेव्हा अक्षरं नीट उमटली. तुम्ही पहिल्या दिवशीच कर्व्ह केलेली फाइल द्या, आणि आधी पितळेच्या पट्टीवर नमुना मागा.

दोनेक महिन्यांत अक्षरं फिकी दिसायला लागली. कणीक, साबण, भांडी. कोरीवकाम झिजलं असं वाटून मी इथे एक तारा द्यायला निघालो होतो. पण मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तर सगळी अक्षरं स्पष्ट दिसली. गेला होता तो लेझरने वर आलेला काळपटपणा, खाच तशीच आहे. आता मी चार तारे देतो, आणि पाचवा त्या मजुरीच्या मागणीसाठी कापतो.

पॉलिशला मात्र जपा. 22 कॅरेट मऊ असतं आणि लेझरची खाच उथळ. बफचं चाक आतून फिरलं की पहिली जाते ती वेलांटी. पावतीवर "आतून पॉलिश नको" असं लिहून घेतो, आणि माप वाढवायचं असलं तर कोऱ्या जागेवर स्केचपेनने खूण करून देतो.