डिस्क बदलूनही फाइली खराब होत असतील, तर आधी काय तपासावे: रॅम, एसएमपीएस की कंट्रोलर?

एखाद्या डिस्कवरील फाइली खराब निघाल्या की आपण ती डिस्क बदलतो आणि बहुतेक वेळा ते योग्यच असते. मात्र नव्या डिस्कवरही तोच प्रकार घडला आणि डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते त्या स्मार्ट अहवालात, दोन्ही डिस्कच्या बाबतीत, खराब सेक्टर मोजणाऱ्या 5, 197 आणि 198 या ओळींसमोर शून्य दिसत असेल, तर तिसरी डिस्क विकत घेण्यापूर्वी थांबणे आवश्यक आहे. वेगवेगळ्या डिस्क एकाच पद्धतीने बिघडण्यापेक्षा त्या सर्वांच्या वाटेवर असलेला एखादा समान भाग बिघडलेला असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. असे तीन भाग प्रामुख्याने संशयित ठरतात: रॅम, संगणकाला वीज पुरवणारा एसएमपीएस आणि डिस्कशी मजकुराची देवाणघेवाण सांभाळणारा कंट्रोलर. त्यांतील कोणता आधी तपासावा, हे खराब झालेल्या फाइलमधील नुकसानीचे स्वरूप पाहून ठरवता येते.

माझ्याच संगणकाचे उदाहरण घेतो. त्यात 4 जीबीच्या दोन रॅम पट्ट्या होत्या. आजीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे मी 12 जीबीच्या एका टार फाइलमध्ये बांधून ठेवली होती, आणि तिची प्रत प्रथम जुन्या हार्ड डिस्कवर, नंतर नव्या हार्ड डिस्कवर आणि शेवटी एनव्हीएमई एसएसडीवर केली असता तिन्ही वेळा प्रत मुळाशी जुळली नाही. संशयित संगणकावरच तुलना केली, तर तुलना करतानाचे वाचनही बिघडू शकते, म्हणून मूळ आणि प्रत या दोन्ही डिस्क मी दुसऱ्या, खात्रीच्या संगणकाला जोडल्या आणि तेथे पुढील आज्ञा चालवली.

```
$ cmp -l mool.tar prat.tar
1873434310 101 141
6120040134 314 354
9904346822 322 362
```

पहिला आकडा बाइटचे स्थान दाखवतो, तर पुढचे दोन आकडे मूळ आणि बदललेल्या बाइटची अष्टमान पद्धतीतील किंमत दाखवतात. तिन्ही ओळींत फरक नेमका 40 आहे, म्हणजे प्रत्येक वेळी एकच आणि तोच बिट शून्याचा एक झाला आहे. त्याहून बोलका पुरावा स्थानांमध्ये आहे. स्थानातून एक वजा करून 4096 ने भागले की तिन्ही वेळा बाकी 1733 उरते. लिनक्स फाइल वाचताना आणि लिहिताना ती रॅममधील 4096 बाइटच्या पानांतून नेतो, त्यामुळे रॅममधील एकच सदोष जागा पुन्हा पुन्हा वापरात आली, तर खूण प्रत्येक वेळी पानाच्या त्याच ठिकाणी उमटते. डिस्क इतक्या नेमकेपणाने एकच बिट बदलत नाही. तिच्या प्रत्येक सेक्टरला त्रुटीसुधारणेचे संरक्षण असते आणि ते अपुरे पडले, तर डिस्क सहसा चुकीचा मजकूर देत नाही, वाचनात अडचण आल्याचे कळवते.

कंट्रोलरच्या बिघाडाचे स्वरूप वेगळे असते. तेथे एखाद-दुसरा बिट न बदलता 512 किंवा 4096 बाइटचे अख्खे तुकडे शून्यांनी भरलेले, जागा बदललेले किंवा दुसऱ्याच फाइलमधील मजकुराचे निघतात. येथे केबलविषयीचा एक गैरसमज दूर करायला हवा. साटा जोडणीतून जाणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यासोबत तो जसाच्या तसा पोहोचला का हे पाहणारी सीआरसी तपासणी असते, त्यामुळे खराब केबलमुळे झालेली चूक बहुधा पकडली जाते, मजकूर पुन्हा पाठवला जातो आणि स्मार्टमधील 199 क्रमांकाचा आकडा वाढतो. हा आकडा केबल बदलल्यावर पुन्हा शून्य होत नाही. तो वाढायचा थांबला का, एवढेच पाहायचे असते. कंट्रोलरच्या आत, सीआरसी तपासून झाल्यानंतर झालेली चूक मात्र कोणत्याही आकड्यात दिसत नाही. तरीही कंट्रोलरची चाचणी सर्वांत स्वस्त आहे: विस्तार कार्डावरील डिस्क मदरबोर्डच्या पोर्टला लावावी आणि तीच मोठी फाइल पुन्हा उतरवावी. माझ्याकडे हे करण्याची गरजच उरली नाही, कारण एनव्हीएमई एसएसडी साटा कंट्रोलरमधून जातच नाही आणि बिघाड तिच्यावरही दिसला होता.

एसएमपीएस हा तिघांत सर्वांत फसवा भाग आहे. तो कमजोर असेल, तर डिस्क क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होते आणि लिहिण्याच्या मार्गावर असलेला मजकूर हरवतो. संगणक बंद न करताही, डिस्क किती वेळा सुरू झाली हे मोजणारा स्मार्टमधील 12 क्रमांकाचा आकडा वाढत असेल आणि लिनक्सच्या `dmesg` नोंदींत `hard resetting link` ही ओळ वारंवार येत असेल, तर संशय इकडेच वळवावा. मल्टिमीटरने पिवळ्या तारेवर 11.40 ते 12.60 व्होल्ट आणि लाल तारेवर 4.75 ते 5.25 व्होल्ट मिळाले, तर ते मर्यादेत आहे. मात्र मल्टिमीटर सरासरी दाखवतो, काही मिलिसेकंदांची घसरण त्याला दिसत नाही. म्हणून मोजमाप चुकीचे आले तर एसएमपीएस दोषी धरावा, बरोबर आले म्हणून त्याला निर्दोष मानू नये. खात्रीचा दुसरा एसएमपीएस उसना आणून लावणे हीच घरच्या घरी करता येण्याजोगी विश्वासार्ह चाचणी आहे.

रॅमची चाचणी फुकट आहे, पण तिला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो. मेमटेस्ट86+ पेनड्राइव्हवरून चालू केल्यावर माझ्या संगणकावर पहिली फेरी निर्दोष गेली, दुसरीही गेली, आणि यंत्र तापल्यानंतर तिसऱ्या फेरीत लाल ओळ आली. म्हणून एका फेरीवर समाधान मानू नये, चाचणी रात्रभर चालू ठेवावी. चाचणीपूर्वी बायोसमध्ये रॅमला वाढीव वेगाने चालवणारी एक्सएमपी ही सोय चालू आहे का, हेही पाहावे. ती बंद केल्यावर चुका थांबल्या, तर पट्टी सदोष नसून तिला झेपत नसलेला वेग हे कारण असू शकते. त्यानंतर एका वेळी एकच पट्टी ठेवून आणि ती दोन्ही खाचांत फिरवून पाहावी. माझ्याकडे चूक दोन्ही खाचांत एकाच पट्टीबरोबर गेली, त्यामुळे पट्टीच दोषी ठरली. चूक खाचेबरोबर राहिली असती, तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसर तपासावा लागला असता.

या चाचणीलाही मर्यादा आहे. ती चालू असताना डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास स्वस्थ असतात, त्यामुळे भार वाढल्यावरच डळमळणारा एसएमपीएस तिच्यात निसटू शकतो. रॅमलाही वीज तेथूनच येते, म्हणून पट्टी बदलूनही चुका येत राहिल्या, तर एसएमपीएस बदलून पाहणे क्रमाने येते.

निर्णय घ्यायचा असेल, तर माझा क्रम असा राहील. एकेकटे बिट बदललेले दिसले तर आधी रॅम, अख्खे तुकडे बदललेले दिसले तर आधी पोर्ट आणि कंट्रोलर, डिस्क अधूनमधून गायब होत असेल तर आधी एसएमपीएस तपासावा. तिन्ही खुणा अस्पष्ट असतील, तर रॅमपासून सुरुवात करावी, कारण तिच्या चुकीची नोंद डिस्कच्या अहवालात कोठेच होत नाही. मजकुरासोबत त्याची पडताळणी करणारा आकडा म्हणजे चेकसम लिहून ठेवणाऱ्या झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांनाही ही अडचण चुकत नाही. चेकसम काढण्याआधीच रॅममध्ये बिट बदलला असेल, तर चुकीच्या मजकुराचा बरोबर चेकसम लिहिला जातो आणि सर्व चेकसम पुन्हा पडताळणारी स्क्रब ही तपासणी काहीही दोष दाखवत नाही.

दोषी भाग सापडेपर्यंत त्या यंत्रावरून काहीही लिहू नये आणि `fsck` ची दुरुस्तीही चालवू नये, कारण दुरुस्तीचा मजकूरही त्याच रॅममधून जातो. पट्टी काढल्यानंतर मी टार फाइल मूळ डिस्कवरून पुन्हा तिन्ही ठिकाणी उतरवली आणि या वेळी `cmp` ने एकही ओळ छापली नाही. त्या सदोष काळात त्याच संगणकावर थेट ध्वनिमुद्रित केलेल्या काही ओव्यांची दुसरी प्रत मात्र नव्हती. त्या फाइली मी वेगळ्या काढून ठेवल्या असून एकेक ऐकून तपासत आहे.