नीटचं लक्ष्य: गुणांत ठेवावं की रँकमध्ये?

मुलीच्या नीटसाठी लक्ष्य ठरवताना आमच्यापुढे दोन वाटा होत्या. गेल्या वर्षीच्या तक्त्यात हव्या त्या रँकसमोरचे गुण बघायचे आणि तोच आकडा भिंतीवर लावायचा, ही एक. लक्ष्य रँकमध्येच ठेवायचं आणि गुण प्रत्येक पेपरपुरते वेगळे काढायचे, ही दुसरी.

पहिली वाट सोपी आहे, हे मान्य. पोरांना रोज डोळ्यांसमोर एक आकडा लागतो आणि सराव पेपर तपासला की लगेच कळतं, किती कमी पडले. क्लासमध्येही हीच पद्धत चालते.

माझं मन उडालं ते एकाच गोष्टीमुळे. समजा, हवी ती रँक देशपातळीवर 30,000 च्या आसपास आहे. 2023 च्या तक्त्यात तिच्यासमोर साधारण 600 गुण दिसतात, 2024 ला 650 आणि 2025 ला जेमतेम सव्वापाचशे. 2024 चा तक्ता बघून 650 चं लक्ष्य ठेवलेल्या मुलांपुढे 2025 चा अवघड पेपर आला, आणि त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्या मुलाचेच 720 पैकी 686 होते! 650 च्या वर जाणारे अख्ख्या देशात शंभरही नव्हते. पेपर सोपा की अवघड, हे तक्ता सांगत नाही; तो फक्त त्याच्या वर्षाचं बोलतो. त्यात 2024 चा निकाल जुलैमध्ये सुधारून पुन्हा लागला, त्यामुळे फिरणारा तक्ता जूनचा की जुलैचा, हेही बघावं लागतं.

रँकसाठी आम्ही सीईटी सेलच्या निवड याद्या घेतल्या. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या सरकारी कॉलेजांत आपल्या प्रवर्गातून शेवटच्या फेरीत शेवटचा प्रवेश कोणत्या रँकला झाला, तेवढंच पाहिलं. पहिल्या फेरीवर थांबलात तर लक्ष्य उगाच कडक होतं. यादीत राज्याचा गुणवत्ता क्रमांकही असतो. तो देशाच्या रँकपेक्षा बराच लहान दिसतो, त्यामुळे तक्त्यात शोधायला घेऊ नये.

मग 2024 चा पेपर घड्याळ लावून सोडवला की तो 2024 च्याच तक्त्यावर लावायचा, 2025 चा 2025 च्या. पहिल्यात 640 आणि दुसऱ्यात 530 आले, तर दुसरा पेपर चांगला गेला, कारण तिथे हव्या रँकच्या पुढे आहोत आणि पहिल्यात थोडे मागे. नुसते गुण बघितले असते तर घरात उलटीच चर्चा झाली असती. अडचण एवढीच की क्लासमध्ये आधी सोडवून घेतलेल्या पेपरचे गुण फुगतात, म्हणून एखादं वर्ष कोरं राखून ठेवावं लागतं. क्लासच्या स्वतःच्या पेपरांना तर असा तक्ताच नसतो. तिथली रँक त्या हॉलपुरतीच.

एका आकड्याशिवाय ज्यांचं पोर अभ्यासाला बसतच नाही, त्यांनी गुण लावावेत, माझी हरकत नाही. फक्त तीन वर्षांतला सगळ्यात मोठा आकडा घ्यावा आणि कागदावर शेजारी वर्षही लिहावं.