सात महिने पेन्सिल, पावडर आणि जेल: सगळा घोळ भुवईच्या शेपटाचा

कॉलेजपासून दर पंधरा दिवसांनी थ्रेडिंग केल्याचा परिणाम म्हणजे माझ्या डाव्या भुवईचं शेवटचं बोटभर टोक आता नीट उगवतच नाही. म्हणून गेल्या दिवाळीआधी सांगलीत हरभट रोडवरून तीन गोष्टी आणल्या: फिरवून वर येणारी बारीक टोकाची पेन्सिल, आयब्रो पावडर आणि रंग नसलेला जेल. कंपन्यांची नावं देत नाही, कारण माझं गणित चुकलं होतं ते हाताच्या सवयीमुळे.

पहिला महिना वाया गेला. मी आधी भुवईची खालची रेघ ओढायची, मग वरची, मग मधलं भरायचं. आरशात झकास दिसायचं. मावसबहिणीच्या साखरपुड्याला आत्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, डांबर फासलंयस का?" फोटो आले तेव्हा कळलं, तिचं काही चुकलं नव्हतं. दोन्ही डोळ्यांवर दोन जाड स्वल्पविराम, आणि शेपटं इतकी खाली उतरलेली की मी अख्खा कार्यक्रम रडवेली दिसत होते.

फोटो मोठा करून पाहिला तेव्हा दोन चुका सापडल्या. एक, शेपटाचं टोक भुवईच्या सुरुवातीच्या खालच्या कडेपेक्षाही खाली गेलं होतं. आता नाकपुडीच्या कडेपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून पेन्सिल तिरकी धरते. ती जिथं भुवईला मिळते तिथं शेपूट संपवायचं, आणि ते टोक सुरुवातीच्या कडेच्या पातळीवर किंवा जरासं वरच ठेवायचं. दुसरी चूक दाबाची. शेपटाकडे केस कमी, म्हणून हात आपोआप जोर लावतो, आणि मोकळ्या कातडीवर पेन्सिलचं मेण जास्त बसतं. जिथं सगळ्यात हलकं हवं तिथंच सगळ्यात गडद होतं.

आता रेघ ओढतच नाही, पेन्सिलच्या बारीक फटक्यांनी एकेक केस रेखाटते. पेन्सिल मागच्या टोकाला धरली की जोर लावायचा म्हटलं तरी लागत नाही. शिसं जेमतेम दीड मिलिमीटर बाहेर काढायचं. जास्त काढलं की मोडतं, माझं तीनदा मोडलं. प्रत्येक फटका मुळाशी टेकवायचा आणि टोकाकडे उचलून घ्यायचा. दिशा केसांचीच: नाकाजवळचे जवळजवळ सरळ वर, मध्ये वरच्या कडेचे केस खाली झुकतात आणि खालचे वर येतात, शेपटाकडे सगळे बाहेर. माझ्या डाव्या शेपटाला सात-आठ फटके पुरतात, मध्ये कातडी दिसेल इतकं अंतर सोडून. नाकाजवळ मी पेन्सिल लावतच नाही, पावडरच्या ब्रशवर उरलेलं तेवढं फिरवते.

मग पावडर. तिरक्या ब्रशवर घेऊन आधी हाताच्या पाठीवर झटकायची, मग फटक्यांमधल्या जागेत नुसती थोपटायची. मेणावर पावडर बसली की पेन्सिल सहजी घसरत नाही. पण सनस्क्रीन लावल्या लावल्या बसलात तर दोन्ही घसरतात. मी दहा मिनिटं थांबते आणि कपाळ टिश्यूनं टिपते. जेल सगळ्यात शेवटी, कारण ओल्या जेलवर पावडरचे डाग पडतात. ब्रश बाटलीच्या तोंडाशी पुसून फक्त पुढचे केस वर करायचे. उघड्या शेपटावर जेलचा उपयोग शून्य. तिथं धरायला केसच नाहीत, उलट काढलेले फटके पुसले जातात.

रंगाबद्दल एक सांगते. केस काळे म्हणून मी आधी काळी पेन्सिल घेतली होती, ती घरात पडून आहे. लालसर तपकिरी तर गंजासारखी दिसली. राखाडीकडे झुकणारा गडद तपकिरी जमला.

टिकण्याचं म्हणाल तर ऑफिसात दिवसभर ठीक. खरा शत्रू स्कार्फ! विश्रामबागहून मिरजेला स्कूटीवर स्कार्फ गच्च बांधून गेलं की बरोबर शेपटंच घासली जातात. एप्रिलच्या उन्हात घाम रुमालानं पुसला की उरलंसुरलंही जातं. घाम टिपायचा, पुसायचा नाही. उन्हाळ्यात पेन्सिलही मऊ पडते, तिला निघण्याआधी फ्रीजमध्ये ठेवते. (आईनं ती दोनदा लोण्याच्या डब्यामागून शोधून दिलीय.)

पेन्सिल अडीच महिन्यांत संपते, सध्या तिसरी चालू आहे. पावडरला आत्ता कुठे मध्ये खळगा पडलाय. जेल चौथ्या महिन्यात घट्ट झाला आणि पांढरे कण सोडू लागला, कोंडा झाल्यासारखा. तो टाकून दुसरा लहान आणला.

आता घरून निघताना शेपटं काढतच नाही. ऑफिसच्या पार्किंगमध्ये स्कार्फ सोडते, स्कूटीच्या आरशात डाव्या बाजूला सात, उजव्या बाजूला पाच फटके, वर जरा पावडर. उजेड खरा असतो, त्यामुळे जास्त झालं तर तिथंच दिसतं.