यादी मागवायची की नावानं विचारायचं? दूध संकलनाच्या फायलींवरून आलेला अनुभव

ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये फाईल आली की नाही हे ठरावीक वेळानं तपासणारा जॉब लिहायचा असेल, तर दोन वाटा समोर असतात. एक म्हणजे कंटेनरची यादी मागवायची आणि तिच्यात नवीन काय आलंय ते बघायचं. दुसरी म्हणजे जी फाईल यायला हवी तिचं नाव घेऊन थेट विचारायचं, ही आहे का? दोन्ही मी चालवून बघितल्या आहेत. तुमची कामाची पद्धत वेगळी असू शकते, म्हणून आधी आमचं काम काय आहे ते सांगतो.

खानापूर तालुक्यातली आणि बेळगावच्या आसपासची मिळून 64 दूध संकलन केंद्रं आहेत. सकाळचं संकलन संपलं की केंद्रावरच्या संगणकातून लिटर, फॅट आणि एसएनएफची एक छोटी सीएसव्ही फाईल वर जाते. संध्याकाळी पुन्हा तेच. आमचा क्रॉन जॉब सकाळी 8 पासून दर 15 मिनिटांनी चालतो आणि आलेल्या फायली हिशोबात घेतो. दहा दिवसांचं बिल यावरच निघतं, त्यामुळे एका केंद्राची एक पाळी जरी सुटली तरी तिथल्या सगळ्या शेतकऱ्यांच्या बिलात भोक पडतं. स्टोरेज भाड्यानं घेतलेलं आहे आणि ते ओपनस्टॅक स्विफ्टवर चालतं.

सुरुवातीला मी यादीच मागवत होतो, कारण तेच सहज सुचतं. शेवटच्या तपासणीची वेळ लिहून ठेवायची आणि पुढच्या वेळी त्यानंतरच्या फायली उचलायच्या. काही महिने काही अडलं नाही. मग जुलैत, कणकुंबीकडे पावसानं रस्ते आणि वीज दोन्ही बेभरवशाची झालेली असताना, 7 नंबरच्या केंद्राची सकाळची फाईल हिशोबात आलीच नाही. केंद्राच्या सचिवांना फोन केला. ते म्हणाले, "पाठवलो की ओ सर, हिरवी खूण पण आली." मला वाटलं नेटवर्कमुळे अर्धवट गेली असेल. मी पुन्हा पाठवायला सांगितलं.

त्यांचं खरं होतं. 9:00 ची यादी आली त्याच वेळी मी या दोन कमांड एकापाठोपाठ चालवल्या असत्या तर तेव्हाच कळलं असतं:

```
swift list --prefix 2024-07-18/M/ dudh
swift stat dudh 2024-07-18/M/07.csv
```

पहिलीत फाईल दिसत नाही आणि दुसरी मात्र तिचा आकार, ईटॅग, वेळ सगळं दाखवते, असं झालं की समजायचं: फाईल आलेली आहे, यादी मागे आहे. या दोन उत्तरांतली तफावत हीच खूण.

असं का होतं ते स्विफ्टच्या रचनेत आहे. फाईल स्वतः ऑब्जेक्ट सर्व्हरवर जाते, आणि कंटेनरची यादी वेगळ्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये असते. फाईल लिहून झाली की ऑब्जेक्ट सर्व्हर त्या डेटाबेसला नोंद पाठवतो. डेटाबेस गडबडीत असेल, म्हणजे एकाच कंटेनरमध्ये लाखो फायली साठलेल्या असतील किंवा एकदम बरेच लोक लिहीत असतील, तर ती नोंद वेळेत होत नाही. तरीही अपलोड करणाऱ्याला यश मिळाल्याचंच उत्तर जातं, कारण फाईल खरोखर सुरक्षित असते. राहिलेली नोंद `async_pending` नावाच्या फोल्डरमध्ये पडते आणि ऑब्जेक्ट अपडेटर ती नंतर पोहोचवतो. त्याच्या दोन फेऱ्यांमधलं मूळ अंतर 300 सेकंद आहे. आमच्याकडे सकाळी साडेआठ ते नऊ या वेळात सगळी केंद्रं एकदम पाठवतात, आणि मी कित्येक महिन्यांच्या फायली एकाच कंटेनरमध्ये ठेवल्या होत्या. नाव घेऊन विचारलं की मात्र फाईल आहे का याचं उत्तर त्या यादीतून येतच नाही. नावावरूनच कोणत्या सर्व्हरवर बघायचं ते ठरतं आणि उत्तर थेट तिथून येतं.

चार-पाच मिनिटांचा उशीर तसा काहीच नाही. घात झाला तो माझ्या वेळेच्या खुणेमुळे. 7 नंबरची फाईल 8:58:40 ला वर गेली. 9:00 च्या यादीत ती नव्हती, आणि जॉबनं "9:00 पर्यंत बघून झालं" असं लिहून टाकलं. पुढच्या काही मिनिटांत ती यादीत आली, पण तिच्यापुढची वेळ अर्थातच 8:58:40 ची. 9:15 च्या तपासणीनं 9:00 नंतरच्या फायली मागितल्या, त्यात ती बसेना. त्यानंतरच्या कोणत्याच तपासणीत ती बसणार नव्हती. यादीतला पाच मिनिटांचा उशीर असा माझ्या कोडमध्ये कायमचा झाला.

यादीची पद्धत यातून दुरुस्त करता येते, आणि ती मी केलीही. वेळेची खूण काढून टाकली. दर वेळी आज आणि काल अशा दोन तारखांच्या प्रिफिक्सची पूर्ण यादी मागवायची आणि आधी घेतलेल्या फायलींची नावं व ईटॅग एका टेबलात ठेवून जुळवायचे. दिवसाला 128 फायली म्हणजे दोन दिवसांच्या 256, आणि स्विफ्ट एका पानात मूळ 10,000 नावं देतं, त्यामुळे खर्च जवळपास शून्य. उशिरा दिसलेली फाईल पुढच्या फेरीत आपोआप सापडते. तुमच्याकडे फायलींची नावं आधी माहीत नसतील, समजा कुणी वाटेल त्या नावानं फोटो टाकत असेल, तर हीच वाट धरा. तिथं दुसरा चांगला पर्याय मला दिसत नाही.

तरीही आमच्या कामासाठी मी ती सोडली, आणि कारण एकच. फाईल यादीत नसेल तर ती आलेलीच नाही की अजून दिसायची आहे, हे यादी सांगत नाही. संगणकाला याचा काही त्रास नाही, तो पंधरा मिनिटांनी पुन्हा बघेल. त्रास माणसांना होतो. नऊ वाजता यादीत न दिसलेल्या केंद्रांना आमच्या ऑफिसमधून फोन जायचे. त्यात काहींनी खरंच पाठवलेलं नसायचं, पण बाकीच्यांना आम्ही विनाकारण खोटं पाडत होतो. त्या जुलैच्या दिवशी तर 7 नंबरच्या सचिवांनी माझ्या सांगण्यावरून फाईल पुन्हा काढली. त्यांच्या सॉफ्टवेअरनं तिला `07-2.csv` असं नाव दिलं. खुणेच्या घोळात अडकलेली पहिली फाईल मी दुपारी हातानं घेतली, दुसरी जॉबनं घेतली, आणि एका पाळीचं दूध दोनदा धरलं गेलं. बिल निघण्याआधी ते सापडलं. पण ज्यांनी काम वेळेवर आणि नीट केलं होतं त्यांनाच मी पुन्हा करायला लावलं, हे मनातून गेलं नाही.

आता जॉबकडे 64 केंद्रांचे नंबर आहेत. नंबर, तारीख आणि पाळी यांवरून तो नाव तयार करतो आणि प्रत्येकाला एकेक हेड विनंती पाठवतो. दर फेरीला 64 छोट्या विनंत्या. अनुभवावरून सांगतो, मोजमाप केलेलं नाही, पण जॉब चहा ओतून होईपर्यंत संपतो. आणि उत्तरात निश्चितपणा असतो. फाईल पूर्ण लिहिली गेल्याशिवाय नाव दिसत नाही, आणि दिसलं की फाईल आहेच.

याला एक अट आहे, नाव आधी कळायला हवं. आमच्याकडे हे सोपं नव्हतं. सुरुवातीला केंद्रं गावाच्या नावानं फाईल पाठवत. इथं एकाच गावाचं नाव मराठी पाटीवर एक, कन्नड पाटीवर एक आणि इंग्रजीत ज्याला जसं सुचेल तसं. कणकुंबीचंच स्पेलिंग `Kankumbi` आणि `Kanakumbi` असं दोन तऱ्हांनी यायचं. बेळगावचं तर 2014 मध्ये सरकारी नावच बदललं, तरी कुणी जुनं लिहितं, कुणी नवं. म्हणून गावाचं नाव फाईलच्या नावातून पूर्ण काढलं, फक्त केंद्राचा दोन आकडी नंबर ठेवला. पुन्हा पाठवताना `-2` लागणंही बंद केलं. त्याच नावावर पुन्हा लिहायचं आणि बदल झालाय का ते ईटॅगवरून ओळखायचं. स्टोरेजच्या कामापेक्षा हे काम जास्त दिवस चाललं.

"नाही" या उत्तराबद्दल मात्र सावध राहा. मध्ये सीडीएन किंवा कॅश असेल तर आधी मिळालेलं 404 ती काही काळ धरून ठेवू शकते, आणि मग फाईल आल्यावरही तेच उत्तर येतं. तपासणी थेट स्टोरेजच्या पत्त्यावर करावी. ॲमेझॉनच्या एसथ्रीवर ज्या ॲक्सेस कीला यादीची परवानगी नाही तिला नसलेल्या फाईलसाठी 404 ऐवजी 403 मिळतं. तो परवानगीचा घोळ समजून लोक भलतीकडेच शोधत बसतात.

एसथ्रीचा विषय निघालाच आहे, तर तिथं डिसेंबर 2020 पासून यादी अपलोडच्या मागे राहत नाही, हे खरं. स्टोरेज बदलणं परवडत असेल तर हा मोठा मुद्दा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण वेळेच्या खुणेचा सापळा तिथंही आहे. मल्टिपार्ट अपलोडच्या फाईलवर वेळ पडते ती अपलोड सुरू झाल्याची. 8:50 ला सुरू होऊन 9:05 ला संपलेली फाईल 9:00 च्या यादीत नसते, आणि 9:15 ला येते तेव्हा तिच्यावर 8:50 लिहिलेलं असतं. यादी अगदी ताजी असूनही जॉब ती सोडून देतो. दुसऱ्या रीजनमध्ये होणारं रेप्लिकेशनही मागाहून होतं, तेव्हा तिकडची यादी बघत असाल तर उशीर धरूनच चाला.

फाईल आल्याबरोबर सूचना पाठवणारी सोय घ्यावी का, असं एका मित्रानं विचारलं होतं. ती चांगली आहे. सूचना बहुधा काही सेकंदांत येते, क्वचित मिनिटभर किंवा जास्त लागतो, एखादी दोनदाही येऊ शकते, म्हणून नावांचं टेबल तिथंही लागतंच. पण आलेल्या फाईलची सूचना मिळते, न आलेल्या फाईलची कुठून मिळणार? आम्हाला सकाळी तेच आधी कळायला हवं असतं.

सध्या 9:45 च्या फेरीनंतर ज्या नंबरांना 404 आलंय त्यांची यादी ऑफिसमधल्या ताईंच्या फोनवर जाते. बहुतेक दिवशी त्यात दोन-तीन नंबर असतात, पावसाळ्यात सात-आठ. त्या फोन लावतात तेव्हा पलीकडून "लाईट गेल्या ओ ताई" किंवा "आत्ता पाठवतो" असं काहीतरी येतं. "पाठवलो की" हे उत्तर अलीकडे त्यांना ऐकू आलेलं नाही.