सात टक्क्यांचा रिपोर्ट

माझ्या आतेभावाने एमबीएचा प्रोजेक्ट टेलिग्रामवरून विकत घेतला. विषय होता सांगलीच्या मार्केट यार्डातली हळद. साडेसहा हजारांत ठरलं, निम्मे पैसे आगाऊ. फाइलसोबत नक्कल पकडणाऱ्या टर्निटिन सॉफ्टवेअरचा ७ टक्के साम्याचा रिपोर्ट आला आणि गडी निर्धास्त झाला. त्याची बाजू मी घेत नाही, पण हाच रिपोर्ट दाखवून अजून किती पोरांना गुंडाळत असतील, म्हणून लिहितोय.

गंमत म्हणजे रिपोर्ट खोटा नव्हता. तपासलं त्या दिवशी टर्निटिनच्या साठ्यात जे होतं, त्याच्याशी किती मजकूर जुळला, एवढंच तो सांगतो. तपासणीची फाइल साठ्यात जमा होऊ न देण्याची सोय असते, ती विक्रेत्याने वापरली असणार. मग तोच माल थोडा फिरवून आधी दुसऱ्याला विकला. त्या पोराच्या कॉलेजने तो रीतसर जमा केला. आमच्या पठ्ठ्याची पाळी आली तेव्हा आकडा निघाला ५२, आणि स्रोत म्हणून दुसऱ्या संस्थेतल्या विद्यार्थ्याचा पेपर.

गाइड मॅडम म्हणाल्या, "हा विकतचा आहे." पण ५२ टक्क्यांवरून ते ठरत नाही. मित्राचा ढापला असता तरी तोच आकडा आला असता. उलट हाच पहिला गिऱ्हाईक असता तर ७ टक्क्यांवर सुखात सुटला असता. लिहिलं कोणी, हे त्या रिपोर्टला कळतच नाही.

मग मॅडमनी वर्ड फाइलची माहिती उघडली. लेखक म्हणून अनोळखी नाव, एकूण एडिटिंग चार मिनिटं. संशय वाढला, तरी पुरावा पक्का नाही. सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर नव्या फाइलमध्ये पेस्ट केलं तरी असंच दिसतं. शेवटी त्यांनी साधी गोष्ट मागितली: शंभर शेतकऱ्यांच्या भरलेल्या प्रश्नावल्या आणा. एकही नव्हती. त्यात वयोगटाच्या तक्त्याची बेरीज ११० भरत होती, आणि राजापुरी हळद म्हणजे काय, हे साहेबांना सांगता येईना. तिथे कबूल झाला.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत ४० ते ६० टक्के साम्याला वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. समितीने तेच लावलं.

खरा फटका त्यानंतर बसला. उरलेले पैसे द्यायला हा नाही म्हणाला, तर विक्रेत्याने चॅटचे स्क्रीनशॉट आणि कॉलेजचा ईमेल पत्ता पाठवून वीस हजार मागितले. घाबरून याने पाच दिले; आठवड्यात पुन्हा मागणी. कॉलेजला सगळं कळलेलंच होतं, तरी हा घरच्यांना भीत होता! ऑर्डर देताना नाव, रोल नंबर, गाइडचं नाव, सगळं यानेच लिहून दिलेलं. आत्याला सांगितलं, सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला, cybercrime.gov.in वर यूपीआय आयडीसह तक्रार टाकली. पैसे अजून आलेले नाहीत.