सातबाऱ्यातला ‘बारा’ कुठे गेला?

दुबईत राहून गावाकडे चार भिंती असाव्यात असं वाटणाऱ्या प्रत्येकाला ज्या तीन गोष्टींची धास्ती असते, त्या तिन्हींचं उत्तर त्या कन्सल्टंटच्या ईमेलमध्ये आधीच दिलेलं होतं. यायची गरज नाही, प्लॉटचा व्हिडिओ पाठवतो. कागदपत्रं आमचा वकील बघेल. आणि विश्वासासाठी हा घ्या सातबारा. रत्नागिरीजवळ पाच गुंठे, एनए म्हणजे बिगरशेती झालेले, २२ लाख.

मी भुललो. पाच लाख टोकन म्हणून पाठवले, तेही जमीनमालकाच्या नव्हे, कन्सल्टंटच्या चालू खात्यात. वर दुबईतल्या आपल्या कॉन्सुलेटमध्ये रांग लावून त्याच्या माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलं. मसुदा त्यानेच पाठवला होता. त्यात खरेदीबरोबर ‘विक्री करणे व मोबदला स्वीकारणे’ असंही होतं. वाचलं होतं मी, पण वकिली भाषा अशीच असते म्हणून सोडून दिलं.

माझे मामा निवृत्त तलाठी. सहज कौतुकाने त्यांना तो सातबारा व्हॉट्सअॅप केला. त्यांनी एकच विचारलं, “अरे, खालचा बारा कुठाय?”

पीडीएफमध्ये फक्त वरचा अर्धा भाग, मालकीचा सात, होता; खालचा, पिकांची नोंद असलेला बारा गायब. मामांनी महाभूमीच्या संकेतस्थळावरून पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा काढला आणि मला पाठवून वाचायला लावला. जमीन खरंच एनए असेल तर नव्या उताऱ्यावर क्षेत्र ‘आर चौ. मी.’मध्ये येतं आणि गाव नमुना बाराची आवश्यकता नाही अशी सूचना तळाशी असते. माझ्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टरमध्ये होतं, आणि खाली बारा अगदी व्यवस्थित होता: पीक आंबा. म्हणजे शेतजमीन. परदेशस्थ भारतीयाला फेमा या परकीय चलन कायद्याखाली ती विकतच घेता येत नाही. वारशाने आली तर गोष्ट वेगळी. पुन्हा भोगवटादार म्हणून सात नावं, सामायिक. त्यातले ‘माझे’ पाच गुंठे कुठल्या कोपऱ्यात, ते कन्सल्टंटच जाणे.

विचारल्यावर उत्तर आलं, “एनए प्रोसेसमध्ये आहे, साहेब.” पुढच्या आठवड्यापासून फोन बंद.

आधी कॉन्सुलेटमध्ये परत जाऊन मुखत्यारपत्र रद्द केल्याचा दस्त केला आणि त्याची प्रत मामांकरवी दुय्यम निबंधक कार्यालयात दिली. पोलिसांत तक्रार केल्यावर दीड लाख परत आले. बाकीचे साडेतीन अजून ‘मिळतील’.

मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका मित्राला तसाच ईमेल आला. गाव बदललंय, भाषा तीच. जोडलेला सातबारा उघडून बघितला, तर तोही कमरेपर्यंतच.