कोहॉर्ट की ट्रेस: ‘कपाट’नंतर ‘कपाळ’ ऐकवून पाहा

दोन्ही मॉडेलं तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. प्रश्न एवढाच, की प्रायमिंगचा प्रयोग आखताना कुठलं गृहीत धरायचं?

स्वित्सरलोड यांचा १९८९चा डच प्रयोग इथे फारसा कामाचा नाही. ‘kapit’ एवढाच तुकडा ऐकवला तर कप्तान आणि भांडवल या दोन्ही अर्थांशी जोडलेले शब्द लवकर ओळखले जातात, आणि पूर्ण शब्द ऐकवला की हरलेल्याचा फायदा संपतो. पण तो संपतो कशामुळे? कोहॉर्ट म्हणतं, पुढचा आवाज जुळला नाही म्हणून. ट्रेस म्हणतं, जिंकणाऱ्या शब्दाने दाबलं म्हणून. आलेख एकच.

यमकाचा पुरावा थोडा बोलका आहे. त्याच वर्षी मार्स्लेन-विल्सन आणि स्वित्सरलोड यांना दिसलं, की honing म्हणजे मध ऐकल्यावर मधमाशी सोपी जाते, woning ऐकल्यावर जवळपास नाही. हा कौल कोहॉर्टकडे झुकतो. मात्र पहिला आवाज अगदी थोडा बदलला तर प्रायमिंग उरतं, असं पुढे दिसलं, आणि १९८७च्या सुधारित कोहॉर्टमध्ये त्यालाही जागा आहे.

म्हणून मी रूप-प्रायमिंगकडे वळलो. ‘कपाट’ पूर्ण ऐकवायचं, लगेच ‘कपाळ’, आणि ते म्हणून दाखवायला लागणारा वेळ मोजायचा. ट्रेसप्रमाणे ‘कपाट’ अजून जागं असतं आणि ‘कपाळ’ला मागे ओढतं, म्हणजे वेळ वाढायला हवा. शब्दांनी एकमेकांना दाबणं कोहॉर्टमध्ये नाहीच. स्लोव्हियाचेक आणि हॅम्बर्गर यांना १९९२ मध्ये सुरुवातीचे तीन आवाज सारखे असताना असा उशीर मिळाला, तर एकच आवाज सारखा असताना फायदा.

माझं घोडं अडलं ते या फायद्यापाशी. माझ्या पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त जोड्या सारख्या सुरुवातीच्या होत्या. शेवटी एक जण सहज म्हणाला, “पुढचा शब्द त्याच अक्षराने सुरू होणार, हे लक्षात आलं होतं.” झालं! आठवडाभराचा डेटा म्हणजे लोकांचे अंदाज. मग अशा जोड्या कमी केल्या, दोन शब्दांमधलं अंतर घटवलं. फायदा विरला, उशीर राहिला. हॅम्बर्गर आणि स्लोव्हियाचेक यांनी १९९६ मध्ये हेच दाखवलं होतं. मी आधी वाचायला हवं होतं.

कोहॉर्टवाले यावर म्हणतील, की ऐकणारा पुन्हा ‘कपाट’च येणार असं धरून बसतो आणि ‘ळ’वर अडखळतो. शंका रास्त आहे. म्हणून ‘कपाग’सारखा निरर्थक प्राइमही ठेवा. अडखळणं अपेक्षेमुळे असेल तर इथेही उशीर दिसेल. शब्दांच्या चुरशीमुळे असेल तर दिसू नये, कारण ‘कपाग’ नावाचा स्पर्धक डोक्यात नाहीच. माझ्याकडे तो जवळजवळ दिसला नाही. माणसं थोडी होती, त्यामुळे फार ताणत नाही. तरी पुढची फेरी मी ट्रेस धरूनच आखली आहे.